आषाढीच्या संध्याकाळी आईची साखर उतरली, सावरली, आणि रात्री पुन्हा उतरली: आमचे नेमके कुठे चुकले?

मळ्याकाठी (चिकोडी तालुका)

नमस्कार. घडले ते क्रमाने लिहितो, कारण क्रमातच कुठेतरी आमची चूक आहे असे मला वाटते आणि ती मला समजून घ्यायची आहे.

आईचे वय 67 असून तिला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळच्या न्याहारीआधी घ्यायची एक गोळी आहे, तीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधे एकत्र आहेत. शिवाय रक्तदाबाची एक गोळी आहे. आषाढी एकादशीला तिने गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या, पण खाण्यात सकाळी एक केळे आणि बिनसाखरेचा चहा, दुपारी मूठभर शेंगदाणे, एवढेच होते. दुपारनंतर ती गावातल्या विठ्ठलमंदिरात चालत जाऊन आली.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती उंबऱ्यातच बसली. कपाळावर आणि मानेवर घामाचे थेंब उभे होते, बोटे थरथरत होती आणि "पोटात खड्डा पडलाय, काहीतरी द्या" असे ती सारखे म्हणत होती. वहिनीने शेंगदाण्याचा लाडू पुढे केला तर तिने तो ढकलून दिला आणि विनाकारण चिडून बोलली, जे तिच्या स्वभावात नाही. घरातल्या यंत्रावर साखर 52 आली. धाकट्या भावाने बेळगावहून आणलेला कुंदा फडताळात होता, तो आम्ही तिला वाटीभर दिला आणि तिने तो हाताने खाल्ला. थरथर कमी व्हायला अर्धा तास तरी लागला. सहा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा 148 आला, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. रात्री ती दोन घास वरईचा भात खाऊन झोपली.

रात्री दोनच्या सुमारास वहिनीला जाग आली तेव्हा आईची चोळी आणि उशी घामाने चिंब झाली होती. हाक मारली तर ती "हं" म्हणायची, पण डोळे उघडत नव्हती. थरथर अजिबात नव्हती. भावाने साखरपाणी चमच्याने तोंडात घातले, तिला जोराचा ठसका लागला आणि आम्ही घाबरून थांबलो. यंत्रावर 38. शेजाऱ्यांच्या गाडीतून तालुक्याच्या रुग्णालयात नेले. तिथे शिरेतून 25 टक्क्यांचे ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत ती आम्हांला ओळखू लागली. पण सलाइन चालू असूनही पहाटे सहाला साखर पुन्हा 71 वर आली होती, त्यामुळे पूर्ण दिवसरात्र तिला तिथेच ठेवले.

आता ती घरी आहे आणि बरी आहे. माझे प्रश्न दोन आहेत. संध्याकाळी 148 पर्यंत गेलेली साखर रात्री 38 कशी झाली? आणि पहिल्या दहा मिनिटांत आम्ही काय वेगळे करायला हवे होते?

---

गुरुजी_संकेश्वर

आपल्या मातोश्री सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. माझ्या मते पहिली चूक ही की आपण यंत्र शोधत बसलात. घाम, कंप आणि भूक ही तीन लक्षणे मधुमेही माणसात एकत्र दिसली की आधी गोड द्यावे, आकडा मागाहून पाहावा. आमच्या घरी गुळाचा खडा, पेढा, लाडू, जे हाताला लागेल ते देतात आणि वर मीठ घातलेले लिंबू सरबत पाजतात. अशा माणसाची गोळी मी तर कायमची बंदच करायला सांगेन, कारण साखर वाढल्याने कोणी एका रात्रीत जात नाही, उतरल्याने जातो.

---

निवृत्त_सिस्टर (खानापूर)

मी सरकारी रुग्णालयात तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका होते आणि त्यांतली बरीच वर्षे अपघात विभागात गेली. मळ्याकाठी, तुम्ही आकडे आणि वेळा नीट लिहिल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. पण त्याआधी मला एक सांगा. सहा वाजून पाच मिनिटांनी जे रक्त घेतले ते कोणत्या हाताच्या बोटातून, आणि त्याआधी हात धुतला होता का?

गुरुजींच्या पहिल्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. यंत्र हाताशी असेल आणि अर्ध्या मिनिटात आकडा कळणार असेल तर पाहावा, कारण पुढच्या मोजणीसाठी तो उपयोगी पडतो. यंत्र सापडत नसेल, पट्ट्या संपल्या असतील, तर वाट न पाहता साखर द्यावी. अंदाज चुकला आणि साखर उतरलेली नव्हतीच असे निघाले, तरी तीन चमचे साखरेने मोठे नुकसान होत नाही. मात्र पेढा आणि लाडू यांबाबत आणि गोळी परस्पर बंद करण्याबाबत मी सहमत नाही. त्याबद्दल सविस्तर लिहिते, आधी माझ्या प्रश्नाचे उत्तर येऊ द्या.

---

मळ्याकाठी

सिस्टर, आईने कुंदा उजव्या हाताने खाल्ला आणि आम्ही टोचले तेही उजव्या हाताच्या अनामिकेला. हात धुतला नव्हता, ओल्या कापडाने पुसलासुद्धा नव्हता. तुमचा प्रश्न वाचताच माझ्या छातीत धस्स झाले.

---

निवृत्त_सिस्टर (खानापूर)

मग तो 148 चा आकडा मी खरा धरणार नाही. यंत्राला लागणारा रक्ताचा थेंब इतका लहान असतो की बोटावर राहिलेला साखरेचा सूक्ष्म लेपसुद्धा त्यात मिसळून आकडा फुगवतो. फळे सोलल्यावर किंवा मिठाई हाताळल्यावर न धुतलेल्या बोटातून घेतलेला आकडा खऱ्यापेक्षा कितीतरी वर गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. घाईत ते शक्य नसेल तर ज्या हाताने खाल्ले नाही त्या हाताचे बोट घ्यावे, आणि पहिला थेंब पुसून टाकून दुसऱ्या थेंबावर तपासावे. त्या संध्याकाळी तुमच्या आईची साखर 148 नसून सत्तरच्या आसपास, कदाचित त्याहूनही खाली असावी. खात्रीने आता कोणीच सांगू शकणार नाही, परंतु थरथर जायला अर्धा तास लागला ही गोष्ट माझ्या शंकेला बळ देते.

आता कुंद्याविषयी. बेळगावच्या माणसाला कुंद्याविरुद्ध काही सांगणे जिवावर येते, पण साखर उतरलेली असताना तो चुकीचा पदार्थ आहे. कुंदा म्हणजे आटवलेले दूध, त्यात स्निग्धांश भरपूर, आणि स्निग्ध पदार्थ जठरातून पुढे सरकायला वेळ घेतात. त्यातली साखर रक्तात पोहोचते, पण उशिरा पोहोचते. पेढा, लाडू, चॉकलेट, साखर घातलेले घट्ट दूध यांचेही तेच. त्या घडीला हवी असते पाण्यात विरघळलेली नुसती साखर, जी गिळल्यापासून काही मिनिटांत रक्तात उतरू लागते.

तुमच्या आईच्या बाबतीत याहून मोठी अडचण त्या एकत्र गोळीतल्या तिसऱ्या औषधाची आहे. व्होग्लिबोजचे कामच हे की जेवणातले पिष्ट आणि आपली रोजची साखर यांचे आतड्यात होणारे विघटन मंद करायचे, म्हणजे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. एरवी ते हिताचे असते, पण साखर उतरलेली असताना हेच औषध तुम्ही दिलेल्या साखरेलाही अडवते. म्हणून व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्या माणसाला साखरेऐवजी ग्लुकोजची पूड द्यावी, कारण ग्लुकोजचे विघटन व्हावे लागत नाही, ते तसेच शोषले जाते. पूड नसेल तर मध चालतो, कारण त्यातला मोठा वाटा आधीच सुटा झालेला असतो. दोन्ही नसतील तर साखरपाणीच द्यावे, काही न देण्यापेक्षा ते बरे, पण त्यावर विसंबून थांबू नये.

मात्रा अशी: चहाचे तीन शिगोशीग चमचे, म्हणजे 15 ग्रॅमच्या आसपास, अर्ध्या पेल्याइतक्या साध्या पाण्यात विरघळवून. माणसाला खाली बसवावे आणि शक्यतो त्याच्याच हातात पेला द्यावा. नंतर घड्याळ लावून 15 मिनिटे थांबावे आणि तपासावे. आकडा 70 च्या खाली असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. या पंधरा मिनिटांत घरातले सगळे घाबरून एकामागून एक गोड पदार्थ भरवतात आणि मग साखर तीनशेवर जाते, हेही मी खूप पाहिले आहे. थरथर थांबायला आकड्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून थरथरीकडे पाहून नव्हे तर यंत्राकडे पाहून ठरवावे.

पहिल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर उद्या लिहिते, नातवंडांच्या जेवणाची वेळ झाली.

---

विद्या_टिळकवाडी

मला मधुमेह नाही, वय 26 आहे. सकाळी न खाता कामावर गेले की अकराच्या सुमारास हात थरथरतात, भूक लागते आणि घाम येतो. वरच्या पद्धतीने मीही तीन चमचे ग्लुकोज घ्यावे का? मी बाटली विकत आणूनही ठेवली आहे.

---

औषध_दुकान (निपाणी)

विद्याताई, हा धागा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांविषयी आहे, आपली गोष्ट वेगळी आहे. उपाशीपोटी होणारी थरथर आणि खरोखर उतरलेली साखर या दोन्ही एकच असतील असे नाही, आणि तुम्ही आजवर त्या वेळी रक्त तपासलेले दिसत नाही. त्या क्षणी आकडा पाहिल्याशिवाय काही ठरवता येणार नाही. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर ग्लुकोजच्या बाटलीऐवजी सकाळी एक भाकरी खाऊन निघा.

मूळ प्रश्नाविषयी एक गोष्ट राहून गेली आहे. मळ्याकाठी, आईची रक्तदाबाची गोळी कोणती? नाव अटेनोलोल, मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रानोलोल असे काही आहे का? औषधाच्या दुकानात उभे राहून मी हा प्रश्न मधुमेहाच्या प्रत्येक वयस्कर गिऱ्हाइकाला विचारतो.

---

मळ्याकाठी

होय, मेटोप्रोलोल. त्याचा काय संबंध?

---

औषध_दुकान (निपाणी)

साखर उतरली की शरीर धोक्याची घंटा म्हणून अ‍ॅड्रेनलिन सोडते. थरथर आणि छातीतली धडधड ही त्या घंटेचीच लक्षणे आहेत. या जातीच्या गोळ्या नेमकी तीच घंटा दाबून धरतात. घाम मात्र त्या थांबवू शकत नाहीत, कारण घाम दुसऱ्या वाटेने येतो. संध्याकाळी आईला थरथर झाली म्हणजे घंटा पूर्ण बंद नव्हती, परंतु रात्री केवळ घामच दिसला याचे एक कारण हे असू शकते. दुसरे म्हणजे संध्याकाळी एकदा साखर उतरून गेली की त्यानंतर एक-दोन दिवस शरीर दुसऱ्या वेळी तेवढ्या जोराने इशारा देत नाही. म्हणून तुमच्या घरी थरथर हे लक्षण धरून चालू नका. गार, चिकट घाम, विचित्र बोलणे, विनाकारण राग, यांवर लक्ष ठेवा. लाडू ढकलून देणे आणि चिडणे हा तुमच्या आईचा स्वभाव नव्हता, मेंदूला साखर कमी पडत होती.

रक्तदाबाची गोळी यामुळे बंद करायची नाही, हे मात्र ठळकपणे सांगतो.

---

महामार्ग_48

मी टेम्पो चालवतो, बेळगाव ते कोल्हापूर. तेरा वर्षे इन्सुलिनवर आहे. नवीन असताना मला घाम यायचा, भूक लागायची, हात थरथरायचे. आता यांतले काहीच होत नाही. वंटमुरी घाटाच्या अलीकडे एकदा रस्त्याच्या कडेच्या पाट्या मला वाचता येईनात, अक्षरे दिसत होती पण त्यांचा अर्थ लागत नव्हता, तेवढ्यावरून मी गाडी कडेला घेतली. तपासले तर 44. तेव्हापासून माझे लक्षण म्हणजे न वाचता येणारी पाटी.

खिशात ग्लुकोजची पुडी असते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साखर वर आल्यानंतरही 45 मिनिटे मी चावी हातात घेत नाही, कारण आकडा सुधारला तरी डोके पूर्ण ठिकाणावर यायला तेवढा वेळ लागतो. माल उशिरा पोहोचतो आणि बोलणी खावी लागतात, पण आता मी ते ऐकून घेतो.

---

निवृत्त_सिस्टर (खानापूर)

तुमची पाटीची खूण फार मोलाची आहे, पण लक्षणे न कळणे हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे ना? काही आठवडे साखर मुद्दाम थोडी वर ठेवून उतरण्याचे प्रसंग पूर्ण टाळले तर इशारे बऱ्याच जणांत परत येतात. ते त्यांच्या सल्ल्यानेच करावे.

आता मळ्याकाठींचा पहिला प्रश्न: साखर रात्री पुन्हा का उतरली? याचे उत्तर ग्लिमेपिराइडमध्ये आहे. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि तुम्ही जेवलात की उपाशी आहात हे ते पाहत नाही. सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम दिवसभर राहतो, वयस्कर माणसात आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर त्याहूनही लांबतो. तुम्ही दिलेली साखर तासादीड तासात खर्च होते, गोळी मात्र आपले काम करतच राहते. म्हणून अशा माणसात पहिला झटका सावरला की काम अर्धेच झालेले असते.

साखर 70 च्या वर आल्यावर त्या माणसाने लगेच पोटभर नसले तरी नीट जेवायला हवे: भाकरी आणि भाजी, किंवा दूधभात, म्हणजे जे सावकाश पचून पुढचे काही तास पुरेल असे. वरईचे दोन घास पुरेसे नव्हते, आणि एकादशी असली तरी ती त्या क्षणी मोडली गेलीच होती. झोपण्यापूर्वी आकडा पाहायला हवा होता आणि पहाटे तीनच्या सुमारास गजर लावून पुन्हा एकदा पाहायला हवा होता. खरे तर संध्याकाळी 52 आल्यावर, वय 67 आणि ही गोळी, एवढे सांगून डॉक्टरांना फोन करायला हवा होता. त्यांनी कदाचित तेव्हाच दाखल करून घेतले असते. सलाइन चालू असताना पहाटे 71 झाले ही या औषधाची रीतच आहे, रुग्णालयाची चूक नव्हे. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासले का?

आणि रात्रीच्या चमच्याबद्दल. डोळे न उघडणाऱ्या, धड उत्तर न देणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तुम्ही ठसका लागताच थांबलात हे फार चांगले केलेत. माझी साधी कसोटी अशी आहे: पेला हातात दिल्यावर माणूस तो स्वतः धरून घोट घेऊ शकतो का? शकत असेल तर प्यायला द्या, नसेल तर तोंडात काहीही नको. कुशीवर वळवा, तोंड थोडे खाली झुकवा, 108 ला फोन करा आणि सोबत कोणीतरी बसून राहा. गाडी लवकर मिळत असेल तर तुमच्याप्रमाणे स्वतःच न्या. आधी घाम पुसत बसू नका, कांदा हुंगवू नका, पायाला काही चोळू नका, त्यात मिनिटे जातात.

---

हुक्केरीकर

गालाच्या आतून मध चोळावा असे ऐकले आहे, त्याने बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो म्हणतात. हे खरे का? माझा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. वडिलांची साखर वर्षभर तीनशेच्या आसपास होती, आता नव्या औषधांनी ती खाली येते आहे. त्यांना 110 असतानाही घाम येतो, हात कापतात, भूक लागते, आणि ते दर वेळी साखर खातात. यंत्र बिघडले आहे का?

---

निवृत्त_सिस्टर (खानापूर)

गालातून शोषण फार थोडे होते, जे काही होते ते गिळलेल्या भागामुळे. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नये असे मी म्हणेन. काही ठिकाणी रुग्णवाहिका येईपर्यंत कुशीवर वळवून किंचितसा मध गालाला लावायला सांगतात, त्याला मी विरोध करणार नाही, पण द्रव ओतायचा नाही.

तुमच्या वडिलांचे यंत्र बहुधा ठीक आहे, तरी एकदा प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहा. दीर्घकाळ तीनशेची सवय झालेल्या शरीराला 110 हीच घसरण वाटते आणि ते तीच लक्षणे देते. ती खोटी नसतात, पण धोक्याचीही नसतात. अशा वेळी पूर्ण मात्रा घेतली तर साखर पुन्हा चढते आणि शरीर कधीच सुधारलेल्या आकड्याला सरावत नाही. बसून राहणे, तपासणे, जेवणाची वेळ जवळ असेल तर जेवणे, एवढे पुरे होते.

---

औषध_दुकान (निपाणी)

इथे माझे सिस्टरांशी थोडे मत वेगळे आहे. 110 असताना काहीच घेऊ नका असे सांगितले की ही माणसे यंत्रावरचा विश्वास सोडतात आणि खरोखर 60 असतानाही थांबतात. मी त्यांना एक बिस्किट किंवा अर्धा कप दूध घ्या असे सांगतो. शिवाय आकडा 110 असला तरी तो वेगाने खाली येत असू शकतो, म्हणून वीस मिनिटांनी पुन्हा पाहायला सांगतो.

---

निवृत्त_सिस्टर (खानापूर)

वीस मिनिटांनी पुन्हा पाहण्याचा मुद्दा मान्य आहे. बिस्किटाबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे, पण हुक्केरीकरांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे, आमच्या दोघांचे नव्हे.

आणखी एक गोष्ट, सर्वांसाठी. साखर दिली, आकडा 70 च्या वर गेला, तरी घाम थांबत नाही, छातीत दाब वाटतो किंवा डावा हात भरून येतो, तर ते साखरेचे नाही असे समजून तातडीने रुग्णालय गाठा. मधुमेही माणसात हृदयविकाराचा झटका पुष्कळदा दुखण्याशिवाय, नुसत्या घामानेच येतो.

---

गुरुजी_संकेश्वर

सिस्टर, पेढ्याबद्दलचे आपले म्हणणे पटले, मी घरी तसे सांगितले. लिंबू सरबतातल्या मिठाने मात्र अपाय होत नाही ना? आणि गोळी बंद करण्याविषयी मी अजूनही म्हणतो की उपवासाच्या दिवशी तरी ती घेऊ नये.

---

निवृत्त_सिस्टर (खानापूर)

मिठाचा साखर चढण्याशी संबंध नाही. ते रक्तदाब उतरल्यावरचे उपचार इथे आणून मिसळणे आहे. आणि ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांना उगीच मीठ कशाला? सरबतात साखर पुरेशी असेल तर ते चालेल, पण मोजून टाकलेली असावी.

उपवासाच्या गोळीबद्दल आपण बरेच बरोबर आहात, गुरुजी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवणाशी बांधलेली असते, जेवण नसेल तर ती घेणे धोक्याचे असते. पण एकत्र गोळीत मेटफॉर्मिनही आहे, जे एकटे सहसा साखर धोक्याइतकी उतरवत नाही. शिवाय प्रत्येकाची औषधे वेगळी, कोणाला इन्सुलिन असते आणि ते पूर्ण बंद करणे काहींना जिवावर बेतू शकते. म्हणून उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून त्या दिवसाचा वेगळा कागद लिहून घ्यावा. एकादशीच्या सकाळी घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

---

औषध_दुकान (निपाणी)

सीमाभागातल्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. 108 ला फोन केल्यावर गावाचे नाव सांगण्याआधी राज्य, जिल्हा आणि तालुका सांगा, कारण आपल्याकडे मोबाइलला कधी पलीकडचा टॉवर मिळतो. समोरचा कन्नड बोलत असेल आणि तुम्हांला सुचत नसेल तर "सक्करे कडिमे आगिदे, प्रज्ञे इल्ल" एवढे सांगा, म्हणजे साखर कमी झाली आहे, शुद्ध नाही. फोनवरच्या माणसाला पुढचे प्रश्न विचारायला तेवढे पुरते. आणि निघताना गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या, नुसते "साखरेची पांढरी गोळी" सांगून रुग्णालयात काही कळत नाही.

ग्लुकोजची पूड घेताना पाकिटावरचे घटक वाचा. काही स्वादाच्या पुड्यांत साखर मिसळलेली असते, मळ्याकाठींच्या आईसाठी ती उपयोगाची नाही.

---

मळ्याकाठी

सर्वांचे मनापासून आभार. क्रिएटिनिन 1.6 आले आहे. त्यामुळे डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून दुसरे औषध दिले आहे आणि आठ दिवस झोपताना व पहाटे साखर तपासायला सांगितली आहे. कालच्या पहाटे 104 होती, आज 97.

साधी ग्लुकोज पूड आणली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात उघडी पुडी दोन दिवसांत दगडासारखी होते, म्हणून वहिनीने झाकणाच्या तीन लहान डब्यांत प्रत्येकी तीन शिगोशीग चमचे मोजून भरली आहेत. एक आईच्या उशाशी, एक स्वयंपाकघरात आणि एक देवळात जाताना तिच्या पिशवीत. रात्री चमचे मोजण्याइतके भान राहत नाही हे आम्ही अनुभवले आहे. कुंदा भावाने स्वतःच संपवला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आई म्हणते की कार्तिकी एकादशी ती करणारच, फराळ मात्र वेळेवर करीन. डॉक्टरांनी नव्या औषधावर उपवास चालेल की नाही हे पुढच्या तपासणीत सांगतो असे म्हटले आहे. सिस्टर, क्रिएटिनिन 1.6 असलेल्या माणसाने राजगिरा, वरई, शेंगदाणे आणि ताक यांवर दिवस काढणे मूत्रपिंडाच्या दृष्टीने तरी योग्य आहे का?

---

निवृत्त_सिस्टर (खानापूर)

साखरेच्या दृष्टीने दर तीन तासांनी थोडे खाल्ले तर दिवस निभावेल. मूत्रपिंडाच्या दृष्टीने शेंगदाणे आणि ताक किती चालेल हे आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही, पोटॅशियमचा आकडा आधी पाहावा लागेल. तो रिपोर्ट आला की इथे लिहा.